किराण्यात आठ टक्के, भांड्यांत तीस टक्के: मग पैसा कुठे घालायचा?

वाचकाचं पत्र

तालुक्याच्या गावी आमचं किराणा-भुसाराचं जुनं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी शेजारचा गाळा घेऊन भांडी सुरू केली. गेल्या वर्षी किराण्याची विक्री ६० लाख झाली, त्यात शेकडा ८ सुटले. भांड्यांची विक्री १५ लाख, त्यात शेकडा ३० सुटले. ३१ मार्चला किराण्याचा माल ४ लाख ८० हजारांचा होता, भांड्यांचा साडेचार लाखांचा. मुलगा म्हणतो, किराणा अर्ध्यावर आणू आणि भांडी दुप्पट करू. मोठी स्टोअर्स म्हणे जीएमआरओआय नावाचा आकडा काढून कुठला माल वाढवायचा ते ठरवतात. तो आम्हाला काढता येईल का, आणि त्यावरून मुलाचं बरोबर की माझं हे कळेल का? भांडी पुरवणारी पार्टी पैशासाठी ६० दिवस थांबते, किराण्याचे पैसे आठवड्यात द्यावे लागतात. किराण्याच्या महिन्याच्या खात्यांची साधारण अडीच लाख उधारी कायम बाहेर असते, भांडी रोखीनेच जातात. महिन्याअखेरच्या स्टॉकची पानं, मुलाने केलेली भांड्यांची प्रकारवार फोड आणि गाळ्याचा नकाशा सोबत जोडला आहे.

— एक दुकानदार, जि. सांगली

उत्तर

नमस्कार,

तुमची पानं नीट पाहिली. दर महिन्याअखेरचा स्टॉक विभागवार लिहून ठेवणारी दुकानं थोडी. तुमच्याकडे ती वही आहे, त्यामुळे हा आकडा तुम्हाला अगदी व्यवस्थित काढता येईल. रीत साधी आहे. वर्षभरात एखाद्या विभागात सुटलेला ढोबळ नफा घ्यायचा आणि त्या विभागात वर्षभर सरासरी जेवढा माल पडून होता, त्याच्या खरेदी किमतीने त्याला भागायचं:

जीएमआरओआय = वर्षाचा ढोबळ नफा ÷ सरासरी स्टॉक (खरेदी किमतीने)

मालात अडकलेल्या प्रत्येक रुपयाने वर्षभरात किती ढोबळ नफा आणला, एवढंच हा आकडा सांगतो. टक्केवारी एका विक्रीतली कमाई सांगते. तोच रुपया वर्षात किती वेळा फिरला, हे तिला माहीत नसतं. तुमचा मुलगा टक्केवारी बघतोय, आणि तुम्हाला बहुधा रोजच्या गल्ल्यावरून माल फिरताना दिसतोय. भागाकारात या दोन्ही गोष्टी येतात, म्हणून तर साखर आणि काचेचा डिनर सेट एका मापाने मोजता येतात.

किराण्यात ६० लाखांवर ८ टक्के म्हणजे ४ लाख ८० हजार सुटले. भांड्यांत १५ लाखांवर ३० टक्के म्हणजे साडेचार लाख. आता ३१ मार्चच्या स्टॉकने भागलं, तर किराण्याचा आकडा १ येतो आणि भांड्यांचाही १ येतो. बापलेकांची बरोबरी! पण हा निकाल खोटा आहे, आणि तो का खोटा आहे हे तुमच्याच पानांवर दिसतं.

मार्चअखेरीस तुमच्याकडे गहू, तूरडाळ, हळद, मिरची भरलेली असते, कारण लोक वर्षाचं सामान उन्हाळ्यात भरतात. वर्षातला सगळ्यांत फुगलेला किराणा तोच. भांड्यांचं नेमकं उलट. लग्नसराईचा माल पार्टीकडून एप्रिलमध्ये येतो, म्हणून मार्चअखेरीस फळ्या वर्षातल्या सगळ्यांत रिकाम्या. पुढच्याच महिन्याच्या पानावर भांड्यांचा स्टॉक ८ लाख आहे, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याहूनही थोडा वर. ताळेबंदासाठी ३१ मार्च ठीक आहे, पण त्या एका दिवसाच्या स्टॉकवर वर्षभराचा माल तोलता येत नाही.

म्हणून सरासरी काढताना तेरा आकडे घ्यायचे: वर्षाच्या सुरुवातीचा स्टॉक आणि त्यानंतर बारा महिनाअखेरींचा. तेरांची बेरीज करून तेराने भागायचं. तुमच्या वहीतून किराण्याची सरासरी ३ लाख २० हजार येते आणि भांड्यांची ६ लाख. आता पुन्हा भागाकार करा. किराणा दीड, भांडी पाऊण. किराण्यातला रुपया वर्षाला दीड रुपया ढोबळ नफा आणतो, भांड्यांतला पंचाहत्तर पैसे. शेकडा आठचा माल शेकडा तीसच्या मालाच्या दुप्पट कमावतोय, कारण किराण्याचा माल सरासरी एकवीस दिवसांत निघतो आणि भांड्यांना जवळजवळ सात महिने लागतात.

आकडे घेताना दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही टक्केवारी विक्रीवर धरली आहे, ते बरोबर आहे. बरेच दुकानदार ती खरेदीवर धरतात. शंभराला घेऊन एकशेतीसला विकलं की ते तीस टक्के म्हणतात, पण विक्रीवर ते तेवीसच होतात. एक विभाग खरेदीवर आणि दुसरा विक्रीवर धरला तर तुलना तिथेच संपली. दुसरी गोष्ट जीएसटीची. नेहमीची नोंदणी असेल तर विक्री, खरेदी आणि स्टॉक तिन्ही जीएसटी वगळून घ्या. कंपोझिशनमध्ये असाल तर खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही, म्हणून तो मालाच्या किमतीतच धरा.

मग मुलगा चुकला आणि तुम्ही जिंकलात का? एवढ्यावर निकाल देऊ नका. पत्रात तुम्ही उधारीबद्दल जे जाता जाता लिहिलंय, ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

जीएमआरओआय फक्त फळीवरच्या मालाकडे बघतो. तो माल कुणाच्या पैशाने आला हे तो विचारत नाही. माल विकल्यावर पैसे हातात आले की नाहीत, हेही विचारत नाही. भांड्यांची पार्टी साठ दिवस थांबते, म्हणजे वर्षाच्या साडेदहा लाखांच्या खरेदीपैकी सुमारे १ लाख ७३ हजार कायम पार्टीचे असतात. भांड्यांत तुमचे स्वतःचे पैसे ६ लाख नाहीत, ४ लाख २७ हजार आहेत. त्या पैशावर हिशेब केला तर भांडी १.०५ वर येतात. किराण्याची खरेदी ५५ लाखांची, पण मुदत फक्त सात दिवसांची, तरी त्यात लाखभर रुपये घाऊक व्यापाऱ्याचे निघतात. ते वजा केले तर किराणा दीडवरून सव्वादोनवर जातो. इथवर किराणाच पुढे आहे.

आता खात्यांची अडीच लाख उधारी मिळवा. तेलाचा डबा फळीवरून गेला की जीएमआरओआयच्या दृष्टीने तो संपला. पण त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या घरी बसलेत आणि तुमच्या भांडवलातून गेलेत. फळीवरचे तुमचे २ लाख १४ हजार आणि बाहेरचे अडीच लाख, मिळून किराण्यात तुमचे ४ लाख ६४ हजार अडकले आहेत. त्यावर ४ लाख ८० हजार सुटले म्हणजे आकडा १.०३. भांडी १.०५, किराणा १.०३. पुन्हा बरोबरी, आणि या वेळी ती खरी आहे.

यातून मी काढतो तो अर्थ असा. किराण्याचा माल उत्तम चालतोय, त्याची कमाई खात्याची वही खातेय. म्हणून किराणा अर्धा करण्याआधी खाती आवरा. महिन्याची सायकल पाच तारखेला बंद करून दहा तारखेपर्यंत वसुली झाली, आणि बाहेरची रक्कम अडीचवरून दीड लाखावर आली, तर तोच किराणा १.३ च्या वर जातो. त्यासाठी एक किलोही जास्त विकावा लागत नाही. जीएमआरओआयमध्ये उधारी मिसळून त्याला तेच नाव मात्र देऊ नका. मालाचा आकडा वेगळा ठेवा, स्वतःच्या पैशाचा वेगळा. मुदत आणखी लांबली आणि पार्टीचे पैसे स्टॉकहून जास्त झाले, तर दुसऱ्या हिशेबात भाजक शून्याखाली जातो आणि त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

आता भांड्यांकडे येतो. इथे मुलाने पाठवलेली फोड फार कामाची आहे. पाऊण हा आकडा 'भांडी' नावाच्या एका गठ्ठ्याचा आहे, आणि त्या गठ्ठ्यात एकमेकांशी काही संबंध नसलेले तीन धंदे आहेत. प्लास्टिकच्या बादल्या, टब, डबे: विक्री ४ लाख, नफा १ लाख १२ हजार, सरासरी माल ७० हजार. जीएमआरओआय १.६, म्हणजे किराण्याहूनही सरस. स्टील आणि कुकर: विक्री ८ लाख, नफा २ लाख ८ हजार, माल २ लाख ३० हजार, आकडा ०.९. आणि काचेचे सेट, कप-बशा, शोपीस: विक्री ३ लाख, नफा १ लाख ३० हजार, माल तब्बल ३ लाख, आकडा ०.४३.

तुमच्या अख्ख्या दुकानात सगळ्यांत जास्त टक्के सुटतात ते काचेच्या मालात, शेकडा ४३. आणि सगळ्यांत कमी कमावणारा पैसाही तिथेच आहे. भांड्यांतलं निम्मं भांडवल या एका कोपऱ्यात आहे. मुलाला भांड्यांत जे शेकडा ३० दिसतात, ते काच वगळली तर शेकडा २७ च्या आसपास येतात. म्हणून 'भांडी दुप्पट' म्हणताना नेमकं काय दुप्पट, हे त्याला विचारा.

काचेचा तो आकडासुद्धा कदाचित जास्तच आहे. स्टॉक प्रत्यक्ष मोजून लिहिता की खरेदीतून विक्री वजा करून? वजा करून लिहीत असाल तर फुटलेले सेट, एक कप गेलेला अर्धा डझन, रंग उडालेले शोपीस हे सगळं वहीत अजून पूर्ण किमतीला बसलंय. ही तूट नफ्यातून गेली पाहिजे. एकदा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून काचेचा माल मोजा, खोकी उघडून मोजा. वरून बंद दिसणाऱ्या खोक्यात काय निघेल सांगता येत नाही.

आता मुलाचा बेत आकड्यांत मांडू. किराण्याचा माल अर्धा केला तर मोकळे होतील १ लाख ६० हजार. भांडी दुप्पट करायला लागतील ६ लाख. उरलेले ४ लाख ४० हजार पार्टीच्या मुदतीतून किंवा बँकेतून येणार, म्हणजे त्यांची परतफेड आणि बहुधा व्याजही. किराणा अर्धा झाल्याने नफा निम्मा झाला असं धरलं तर वर्षाला २ लाख ४० हजार जातात. ते भरून काढायला भांड्यांची विक्री १५ लाखांवरून २३ लाखांवर जायला हवी, आणि तेव्हा कुठे आपण होतो तिथेच पोचतो. माल दुप्पट झाला म्हणून तालुक्यातली लग्नं दुप्पट होत नाहीत. सरासरी पाऊण म्हणजे पुढचा रुपयाही पाऊणच आणेल असं मुळीच नाही. समजा दोन लाखांचा जादा माल भरला आणि विक्री दोन लाखांनी वाढली, तर नफा साठ हजार, म्हणजे त्या जादा मालाचा आकडा फक्त ०.३. जीएमआरओआय मागच्या वर्षाचा हिशेब देतो. माल वाढवायचा असेल तेव्हा हा पुढच्या रुपयाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

शिवाय महिन्याचं सामान न्यायला येणारी बाईच जाता जाता बादली आणि डबा उचलते. किराणा अपुरा पडला तर ती सगळीच यादी घेऊन दुसरीकडे जाईल. मोठ्या साखळी दुकानांतही म्हणूनच सगळे विभाग एका आकड्याने तोडत नाहीत. साखर, तेल, दूध गिऱ्हाईक आणण्यासाठी असतात, त्यांचा आकडा पडला तरी ते राहतात. तिथला खरेदी बघणारा माणूस एका गटातल्या वस्तूंची आपसांत तुलना आधी करतो, दोन गटांची नंतर. तुम्हीही तसंच करा.

म्हणजे प्लास्टिक वाढवायचं का? १.६ बघून तसंच वाटतं, पण इथे आणखी एक मर्यादा आहे. तुमच्या नकाशाप्रमाणे २४० चौरस फुटांच्या गाळ्यात प्लास्टिकने १०० फूट अडवलेत, स्टीलने ८०, काचेने ६०. नफ्याला फुटांनी भागलं तर प्लास्टिक फुटाला ११२० रुपये देतं, काच सुमारे २१७० आणि स्टील २६००. रुपयाच्या हिशेबात पहिलं आलेलं प्लास्टिक जागेच्या हिशेबात शेवटचं आलं. बादली स्वस्त असते आणि जागा मात्र भरपूर खाते. तुमच्याकडे पैसा कमी आणि जागा जास्त असती, तर प्लास्टिक वाढवा म्हटलं असतं. तुमच्याकडे दोन्ही मोजकंच आहे. म्हणून प्लास्टिकचा माल आहे तेवढाच ठेवा, तो एकात एक रचा, आणि पार्टीची गाडी महिन्यातून दोनदा येत असेल तर थोडा थोडा चारदा मागवता येतो का बघा.

मी तुमच्या जागी काचेपासून सुरुवात करीन. बारा महिन्यांत ज्याचा एकही नग गेला नाही, त्या मालाची यादी काढा. तुमच्या फोडीवरून असा माल १ लाख २० हजारांचा दिसतो. काचेत शेकडा ४३ सुटतात, म्हणजे शंभरला विकायच्या वस्तूची खरेदी सुमारे ५७ ची. तिच्यावर चाळीस टक्के सूट दिली तरी ६० मिळतात, खरेदी निघून वर तीन रुपये राहतात. सूट लग्नसराईच्या तोंडावर लावा, कारण आहेराचं गिऱ्हाईक तेव्हाच येतं, आणि सेट फोडून सुटे विकायचीही तयारी ठेवा. हा माल गेला तर काचेत १ लाख ८० हजार राहतील. वर्षाचा १ लाख ३० हजारांचा नफा मुळात चालणाऱ्या मालातूनच येत होता, तो तसाच राहील. आकडा ०.४३ वरून ०.७२ वर जाईल, आणि सव्वा लाखाच्या आसपास रोख हातात येईल.

स्टीलमध्ये गोष्ट वेगळी आहे, तिथे माल मेलेला नाही, मापं जास्त झालीत. डब्यांची सगळी मापं, ताटांचे चार जाडीचे प्रकार, कुकरचे लिटर. दोन महिने बिलांवर माप लिहा, मग कळेल की कुठल्या मापांचा खप खरा आहे. बाकीची मापं एकेकच ठेवा आणि गिऱ्हाईक आलं की पार्टीकडून मागवून द्या. विक्री तेवढीच राहून माल २ लाख ३० हजारांवरून १ लाख ८० हजारांवर आला तर आकडा १.१६ होतो. पण हे करताना एक धोका आहे. माल कमी केला की आकडा नेहमीच सुधारतो, विक्री बुडत असली तरी काही काळ सुधारतच राहतो. म्हणून गल्ल्याजवळ एक छोटी वही ठेवा आणि 'मागितलं, पण नव्हतं' असं प्रत्येक वेळी त्यात लिहा. किराण्यालाही हे लागू आहे. त्याचा दीड आकडा चांगला आहे, पण बारा तारखेला साखर संपून गिऱ्हाईक परत जात असेल तर तो दीड रिकाम्या फळ्यांमुळे आलेला असू शकतो.

मोकळी झालेली रोख पुन्हा मालात घालण्याची घाई नको. आधी घाऊक व्यापाऱ्याला विचारा की आठवड्याऐवजी रोख दिले तर भावात काय कमी करशील. ५५ लाखांच्या खरेदीवर अर्धा टक्का सुटला तरी वर्षाला साडेसत्तावीस हजार होतात, आणि फळीवर एक रुपयाचाही माल वाढत नाही.

मुलाला सांगा, त्याची भांडी बंद करायची नाहीत. प्लास्टिक आणि स्टील मिळून आकडा १.०७ येतो, आणि नव्या गाळ्यासाठी तो वाईट नाही. महिनाअखेरची वही आता चार रकान्यांत लिहा: किराणा, प्लास्टिक, स्टील, काच. दर महिन्याला मागच्या बारा महिन्यांचा नफा आणि मागच्या तेरा स्टॉकांची सरासरी घेऊन चारही आकडे नव्याने काढा. दिवाळीचा माल भरण्याआधी ते मला पाठवा, म्हणजे काचेची नवी ऑर्डर किती द्यायची ते त्यावरून ठरवू.